पारदर्शक ओढणी नव्या बॅकग्राउंडवर बसवताना जुन्या भिंतीचा रंग कसा काढायचा

प्रश्न: दादा, परभणीत स्टुडिओत राखाडी भिंतीपुढं नवरीचे फोटो काढलेत. लाल नेटची ओढणी आहे, डोक्यावरून घेतलेली, एक बाजू हातानं पसरलेली. आता तिला बीबी का मकबऱ्याच्या संध्याकाळच्या फोटोवर बसवायचंय, १२ बाय ३६ च्या अल्बमसाठी. कापून बसवलं की ओढणी पुठ्ठ्यासारखी दिसते, ऑपॅसिटी कमी केली की धुरकट होते. कडा चिकटवल्यासारख्या दिसू नयेत म्हणून काय करावं?

उत्तर:

खटकतंय ते कडेला, पण चूक आहे ओढणीच्या मधल्या भागात. नेटच्या जाळीतून मागची भिंत दिसते, म्हणजे फोटोत जो गुलाबीसर रंग दिसतो तो ओढणीचा एकटीचा नाही. त्यात थोडा लाल धागा आहे आणि थोडी राखाडी भिंत. तुम्ही ओढणी कितीही बारकाईनं कापा, तिच्यात मिसळलेली भिंत तिच्यासोबतच येणार. ऑपॅसिटी कमी केल्यावर धागा आणि भिंत दोन्ही सारख्याच फिक्या होतात, भिंत जात नाही. धुरकटपणा म्हणतात तो हाच. `Select and Mask` मधला `Refine Edge Brush` केसांसाठी चांगला आहे, कारण केसांची कड म्हणजे काही पिक्सेलांची पट्टी. हात-दोन हात पसरलेल्या ओढणीला त्या अर्थानं कडच नसते, ती सगळीच अर्धवट पारदर्शक असते. म्हणून तिथं `Decontaminate Colors` टिक करूनही समाधान होत नाही.

यातला हिशोब एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं:

```
C = a*F + (1 - a)*B
```

`C` म्हणजे फोटोत दिसणारा रंग, `F` ओढणीचा स्वतःचा रंग, `B` मागच्या भिंतीचा रंग आणि `a` म्हणजे त्या ठिकाणी ओढणी किती दाट आहे ते. आपल्याला `a` चा मास्क हवा आणि रंग म्हणून `C` नाही, तर `F` हवा. बहुतेकांची गाडी इथंच चुकते. मास्क जमवतात, पण त्याखाली मूळ फोटोच ठेवतात.

तुमच्यासारखाच फोटो धरून आकडे मांडतो. आयड्रॉपर घ्या, वर `Sample Size` ला `31 by 31 Average` करा. नेटवर एका पिक्सेलचा रंग घेतला तर कधी धागा हाती लागतो, कधी भोक, म्हणून सरासरी हवी. समजा भिंत निघाली २००, २००, २००. आता ओढणी जिथं सगळ्यात जास्त चुण्यांनी गोळा झाली आहे, बहुधा खांद्यावर पिन लावलेली जागा, तिथला रंग घ्या. तिथं इतके पदर असतात की मागचं काही दिसत नाही, म्हणून तोच ओढणीचा खरा रंग. तो समजा १७०, २०, ४०. आणि पसरलेल्या एकपदरी भागाचा रंग निघाला १८७, १२०, १२९.

लाल चॅनलमध्ये भिंत २०० आणि ओढणी १७०, फरक फक्त ३० चा. हिरव्या चॅनलमध्ये २०० आणि २०, फरक १८० चा. जिथं फरक मोठा तिथं मास्क स्वच्छ निघतो, म्हणून लाल ओढणीला हिरवा चॅनल घ्यायचा. एकपदरी भागात हिरवा १२० आहे, म्हणजे भिंतीपासून ८० नं उतरलाय. ८० भागिले १८० म्हणजे ०.४४. ओढणी एका पदरात ४४ टक्के दाट आहे. तीच दुपदरी झाली की ६९ टक्के, तिपदरी ८३ टक्के. कारण दुसरा पदर पहिल्यातून सुटलेल्या ५६ टक्क्यांनाच अडवतो. हे आकडे मनात ठेवा, शेवटी तपासायला लागतील.

हाच भागाकार फोटोशॉप प्रत्येक पिक्सेलला आपोआप करून देतं. `Channels` पॅनेलमध्ये `Green` ओढून खाली नवीन चॅनलच्या चिन्हावर सोडा, `Green copy` तयार होईल. त्यावर Ctrl+I करून उलटा करा. भिंत आता ५५ झाली आणि दाट ओढणी २३५. मग Ctrl+L, `Input Levels` मध्ये डावीकडं ५५, उजवीकडं २३५, मधला १.०० तसाच ठेवा. मधला सरकवायचा मोह होतो, कारण मास्क उठावदार दिसतो. पण तो हलवला की ४४ चे ६० होतात आणि एकपदरी ओढणी दुपदरीसारखी जड दिसायला लागते. बरोबर झालं असेल तर भिंत पूर्ण काळी, चुण्या पांढऱ्या आणि पसरलेला भाग ११३ च्या आसपास करडा दिसेल. २५५ चे ४४ टक्के तेवढेच होतात.

आता Ctrl दाबून त्या चॅनलच्या थंबनेलवर क्लिक करा, सिलेक्शन लोड होईल. इथं पुष्कळ जण गोंधळतात, कारण पसरलेल्या ओढणीवर सिलेक्शनच्या चालत्या रेघा दिसतच नाहीत. फोटोशॉप त्या रेघा फक्त ५० टक्क्यांपेक्षा जास्त सिलेक्शनलाच दाखवतं. आपली एकपदरी ओढणी ४४ वर आहे, म्हणून ती निवडलेली असूनही रेघ येत नाही. घाबरू नका, पुढं चला. `Layer` > `New Fill Layer` > `Solid Color`, रंग १७०, २०, ४०. त्याला मास्क आपोआप लागेल. मकबऱ्याचा फोटो याच्या खाली ठेवा.

फरक किती पडतो ते एका जागेवर बघा. ओढणीमागं संध्याकाळचं आभाळ आहे, समजा ६०, ७०, १००. मूळ फोटो तसाच कापून ठेवला तर तिथं १८७, १२०, १२९ राहतं, भिंतीपुढचा फिका गुलाबी ठिगळ. मास्क बरोबर पण खाली मूळ फोटो, असं केलं तर ११६, ९२, ११३ येतं. हा मळकट जांभळा म्हणजेच तुमचा धूर. खाली शुद्ध लाल रंग ठेवला तर १०९, ४८, ७३ येतं. लाल धाग्यातून निळसर अंधार दिसावा तसा रंग, आणि खऱ्या जागी फोटो काढला असता तरी साधारण हाच आला असता. `Color Settings` मधलं `Blend RGB Colors Using Gamma` मात्र बंद असू द्या, नाहीतर हा हिशोब जुळणार नाही.

हे झालं मोकळ्या ओढणीचं. नवरीच्या अंगावर, केसांवर, ब्लाउजवर जी ओढणी आहे तिला हात लावायचा नाही. तिथं मागं भिंत नाही, नवरीच आहे, आणि ती नव्या फोटोतही तिथंच राहणार. चॅनलचा मास्क पूर्ण फोटोला लावला की कपाळ आणि गाल अर्धवट पारदर्शक होतात आणि गालातून मिनार दिसतो. म्हणून मूळ फोटोची एक प्रत `Solid Color` च्या वर ठेवा आणि तिला फक्त शरीराचा मास्क द्या, पेन टूलनं काढलेला. जिथं खांदा किंवा दंड ओढणीखालून दिसतो तिथं पाथ ओढणीच्या कडेनं न नेता आतल्या दंडाच्या रेषेनं न्या. ती रेषा पुसट दिसते. हिरव्या चॅनलमध्ये फोटो २०० टक्के मोठा करून पाहिलात तर सापडते. या रेषेच्या आत मूळ पिक्सेल, बाहेर आपला मास्क केलेला लाल रंग.

या रेषेवरच चिकटवल्याची खूण राहते. दंडाच्या शेवटच्या एक-दोन पिक्सेलांत त्वचा आणि जुनी भिंत मिसळलेली असते, त्यामुळं गडद आभाळापुढं एक उजळ राखाडी धार दिसते. शरीराच्या मास्कवर तेवढाच भाग लॅसोनं निवडून `Filter` > `Other` > `Minimum`, `Radius` १ द्या. मास्क एक पिक्सेल आत सरकतो आणि त्या जागी खालचा लाल येतो. ओढणीखाली लाल धार खटकत नाही, राखाडी लगेच खटकते. पूर्ण शरीराला हे करू नका, बांगड्या आणि बोटं बारीक होतात.

ओढणीच्या बाहेरच्या कडेकडं जरा थांबून बघा. नेटच्या ओढणीला पिको केलेला असतो. तिथं कापड दुमडून शिवलेलं, म्हणून कडेला दोन-चार पिक्सेलांची जास्त गडद, किंचित नागमोडी रेघ असते. चॅनलच्या मास्कमध्ये ती आपोआप पांढरट येते, आणि ओढणी खरी वाटायला ती फार उपयोगी पडते. आधी कडा मऊ दिसाव्यात म्हणून `Feather` द्यायची किंवा `Shift Edge` उणे २० करायची सवय असते. त्यानं पहिली जाते ती हीच रेघ. मग ओढणी कुठं संपते तेच कळत नाही, ती हवेत विरघळल्यासारखी दिसते. या मास्कला ब्लर, फेदर काहीही देऊ नका. मऊपणा कापडाच्या जाळीतून येऊ द्या.

जरीचा काठ मात्र हा हिशोब मोडतो. सध्या पैठणी काठाची नेटची ओढणी पुष्कळ नवऱ्या घेतात, आणि काठ तर अजिबात पारदर्शक नसतो. सोनेरी जरीचा रंग साधारण २००, १७०, ९० असतो. हिरव्यात १७० म्हणजे भिंतीपासून फक्त ३० खाली, मास्क म्हणतो १७ टक्के दाट. परिणाम असा की भरजरी काठ काचेसारखा आरपार होतो आणि नेट त्याच्यापेक्षा घट्ट दिसतं. टिकल्या आणि बुट्ट्यांचंही तसंच. त्यांच्यासाठी वेगळा लेयर करा: मूळ फोटोची आणखी एक प्रत सगळ्यात वर, आणि मास्कमध्ये काठ पूर्ण पांढरा. काठ पेननं काढता येतो. बुट्ट्या शेकड्यानं असल्या तर निळा चॅनल घ्या, कारण जरी निळ्यात ९० वर असते आणि भिंत २०० वर. पण लाल नेटही निळ्यात गडदच असतं, तेव्हा बुट्टीभोवती ढोबळ सिलेक्शन करूनच हा चॅनल वापरा. मग ब्रश `Overlay` मोडवर ठेवून मास्कवर पांढरा फिरवा. निम्म्यापेक्षा उजळ करडा लवकर पांढरा होतो, पूर्ण काळी जागा काळीच राहते, त्यामुळं बुट्टीच्या बाहेर सांडत नाही.

चुण्यांवरची चमक ही दुसरी फसवी जागा. घडीच्या उभारावर लाइट पडून हिरवा वाढला की मास्क त्याला पातळ समजतो. पाहण्यासारखं लक्षण म्हणजे सगळ्यात जास्त चमकणाऱ्या घडीतून मागची इमारत दिसते आणि तिच्या बाजूची सावलीतली घडी मात्र घट्ट. कापडात असं होत नाही. मास्कवर `Dodge` टूल, `Range` ला `Midtones`, `Exposure` १० टक्के ठेवून अशा घड्यांवर दोन-तीन हात फिरवा. उलट बाजूची चूक, म्हणजे सावली दाट मोजली जाणं, डोळा सहज स्वीकारतो, तिच्यामागं वेळ घालवू नका.

एकच सपाट लाल भरल्यानं ओढणी थोडी छापील वाटेल. `Solid Color` वर एक रिकामा लेयर Alt दाबून क्लिप करा. त्यावर मोठ्या मऊ ब्रशनं, २० टक्के फ्लोवर, फोटोतल्याच उजेडातल्या चुणीचा आणि सावलीतल्या चुणीचा रंग त्या त्या जागी भरा. दोन रंग पुरतात. रंग घेताना दाट चुण्यांतूनच घ्या. पसरलेल्या भागातून घेतला तर भिंत पुन्हा आत शिरते, आणि एवढा खटाटोप पाण्यात जातो. ओढणीखालून बाहेर आलेली केसांची बट असेल तर ती मास्कमध्ये पांढरी येते आणि लाल भरली जाते. तीही याच क्लिप केलेल्या लेयरवर बारीक ब्रशनं काळपट तपकिरी करून घ्या.

भिंत सगळीकडं २०० असते असं वर धरलं, पण एकाच सॉफ्टबॉक्सच्या उजेडात ती एका कडेला २१० आणि दुसरीकडं १७० असते. तेव्हा ५५ आणि २३५ हे आकडे अर्ध्या फोटोलाच लागू पडतात. अंधाऱ्या बाजूला भिंतीचाच करडा पडदा मास्कमध्ये उरतो आणि नव्या फोटोत तिथं लाल धुकं दिसतं. ट्रायपॉडवरून त्याच एक्स्पोजरला रिकाम्या भिंतीचा फोटो काढलेला असेल तर तो वर ठेवून ब्लेंड मोड `Divide` करा. भिंत सगळीकडं २५५ होईल. हे मास्कसाठी केलेल्या वेगळ्या प्रतीवरच करा आणि ती फ्लॅट करून मग हिरवा चॅनल काढा. उलटा केल्यावर डावीकडं ०, उजवीकडं साधारण २३० येतं. रिकामा फोटो नसेल तर रिकाम्या लेयरवर ओढणीच्या आजूबाजूच्या भिंतीचे रंग मोठ्या ब्रशनं एकमेकांत मिसळत ओढणीवरून न्या आणि तोच `Divide` ला वापरा. इतका काटेकोर येत नाही, पण काम भागतं.

भिंतीवर आयएसओचे दाणे असतील तर मास्कच्या काळ्या भागात ठिपके उमटतात. डावीकडचा आकडा ५५ चा ६० केला की ते जातात, पण त्याबरोबर सगळ्यात विरळ नेटही थोडं जातं. ६५ च्या पुढं जाऊ नका, उरलेले ठिपके काळ्या ब्रशनं हातानं पुसा. जेपीजीपेक्षा रॉ फाइलमधून काढलेल्या १६ बिट फोटोवर हे खूप स्वच्छ होतं. आणि मास्क मूळ आकारातच तयार करा, फोटो लहान करायचा तो नंतर.

तपासणी दोन प्रकारे होते. मकबऱ्याच्या फोटोवर आणि ओढणीच्या खाली एक `Solid Color` ठेवून तो आधी काळा, मग पांढरा, मग पोपटी करा. काळ्यावर राखाडी धार किंवा धूर राहिला असेल तर उघडा पडतो, पांढऱ्यावर मास्कमधली भोकं दिसतात, पोपटीवर ओढणीचा एकपदरी भाग पोपटीकडं झुकलाच पाहिजे. झुकत नसेल तर तिथं अजून मूळ पिक्सेल आहेत. दुसरी तपासणी मिनाराची. नवरीला अशी बसवा की मकबऱ्याचा एखादा मिनार पसरलेल्या ओढणीमागून जाईल. ओढणीबाहेर मिनार आणि आभाळात जेवढा फरक आहे, त्याच्या साधारण ५६ टक्के फरक एकपदरी भागात दिसायला हवा, दुपदरीत ३१ टक्के आणि तिपदरीत १७. मिनाराची रेषा ओढणीत शिरताना वाकायला नको आणि मध्येच तुटायलाही नको. पाहणारा आकडे मोजत नाही, पण पदर वाढतील तसा मिनार पायरीपायरीनं पुसट होत गेला की ओढणी खरी वाटते.

उजेडाची दिशा मात्र मास्कनं सुटत नाही. मावळतीचं आभाळ नवरीच्या मागं असेल तर नेट मागून उजळायला हवं, आणि तुमच्या फोटोत लाइट समोरून आहे. `Solid Color` चा लाल १७० वरून २०० पर्यंत नेला, हिरवा-निळा किंचित वाढवला, तर थोडं जुळतं. त्याहून पुढं ताणू नका. त्यापेक्षा मकबऱ्याचा असा फोटो निवडा ज्यात सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी आहे.

हिरव्या किंवा मोरपंखी ओढणीला लाल चॅनल, पिवळीला निळा, बाकी सगळं हेच. पांढऱ्या नेटला मात्र ही भिंत चालत नाही. २०० च्या भिंतीवर २४० ची ओढणी, फरक ४० चा, त्यात दाणेच जास्त येतात. पांढरीला मागं ४० च्या आसपासचा गडद पडदा लावा, चॅनल उलटा करू नका आणि `Levels` ला डावीकडं ४०, उजवीकडं २४० द्या.

पुढच्या वेळी शूटमध्येच नवरीला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढं उभं करा, म्हणजे तिची सावली भिंतीवर पडत नाही. पोज झाली की कॅमेरा न हलवता दोन जादा फोटो घ्या: एक रिकाम्या भिंतीचा, आणि एक तीच ओढणी आठपदरी घडी करून त्याच जागी, त्याच लाइटात धरलेली. आठ पदरांत ती ९९ टक्के दाट होते, त्यामुळं `F` चा रंग थेट तिथून घेता येतो, खांद्यावरच्या चुण्यांत शोधत बसावं लागत नाही.